‘किती उंचीपर्यंत?’ : खेळाच्या कोपऱ्यासाठी एका मुख्याध्यापिकेने पुरवठादाराला लिहिलेले पत्र

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली अनुदानित प्राथमिक शाळा. मैदानाच्या एका बाजूला घसरगुंडी, दोन पाळण्यांचा झोपाळा आणि लोखंडी पाइपांची चढायची कमान. खाली रोलर फिरवून दाबलेला मुरूम. पावसाळ्यात तो ठीक असतो, पण फेब्रुवारीनंतर रस्त्यासारखा कडक होतो. तिसरीतला एक मुलगा कमानीवरून पडला आणि मनगट मोडलं. त्यानंतर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव झाला, ‘मैदान सुरक्षित करावे.’ गावात नुकतंच बॉक्स क्रिकेटचं टर्फ सुरू झालं होतं, त्यामुळे समितीतल्या बहुतेकांच्या डोक्यात हिरवं गवत पक्कं बसलेलं होतं. एक पालक रबराच्या बाजूने होते. ‘वाळू टाका, स्वस्तात काम होईल,’ असं शिपाईमामांचं मत.

लिपिकाने नेहमीप्रमाणे पत्राचा मसुदा केला : ‘रबर, कृत्रिम गवत व वाळू यांचे प्रति चौरस फूट दर कळवावेत.’ असं पत्र गेलं असतं तर तीन दर आले असते, तुलनात्मक तक्ता झाला असता आणि सर्वांत कमी दराला मंजुरी मिळाली असती. बांधकामाच्या बाबतीत शाळेला मदत करतो म्हणून तो मसुदा माझ्याकडे आला. त्यात मला एकच गोष्ट खटकली. मूल किती उंचीवरून पडणार, हे त्यात कुठेच नव्हतं.

सगळं प्रकरण त्या एका आकड्यावर फिरतं. कोणतंही मटेरियल नुसतं ‘सुरक्षित’ नसतं, अमुक जाडीचं मटेरियल अमुक उंचीपर्यंत सुरक्षित असतं. त्यामागचं गणित शाळेतलंच आहे. 1.8 मीटरवरून पडणारं डोकं जमिनीपाशी येतं तेव्हा त्याचा वेग ताशी 21 किलोमीटरच्या आसपास असतो. तो वेग किती अंतरात शून्यावर येतो, यावर मार ठरतो. पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर केलं की सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या किती पट आहे ते कळतं. 1.8 मीटर उंची आणि 2 सेंटिमीटर दबणारी जमीन म्हणजे 90 पट, आणि धक्क्याचं टोक सरासरीच्या बरंच वर जातं. मुरूम तर मिलिमीटरमध्ये दबतो. रबर, फोम आणि वाळू या सगळ्यांचं काम हे थांबण्याचं अंतर वाढवणं एवढंच.

हे मोजण्याची पद्धत ठरलेली आहे. आत संवेदक बसवलेला धातूचा अर्धगोल, म्हणजे डोक्याचा नमुना, वेगवेगळ्या उंचीवरून जमिनीवर टाकतात आणि प्रत्येक वेळी एचआयसी नावाचा आकडा काढतात. हा डोक्याच्या दुखापतीचा निर्देशांक. ज्या उंचीला तो 1000 होतो किंवा धक्क्याचं टोक गुरुत्वाकर्षणाच्या 200 पट होतं, त्यांतली कमी उंची ही त्या जमिनीची मर्यादा, तिला क्रिटिकल फॉल हाइट म्हणतात. युरोपात ही चाचणी EN 1177 या मानकाने होते, अमेरिकेत ASTM F1292 ने. आपल्याकडचे चांगले पुरवठादारही यांपैकीच एखाद्याचा अहवाल दाखवतात. एक मर्यादा मुख्याध्यापिका मॅडमना आधीच सांगितली. ही चाचणी डोक्यासाठी आहे. मनगट आणि कोपर पडताना हात टेकल्यामुळे मोडतात, आणि एचआयसी 1000 च्या आत असला तरी मोडू शकतात. ज्या अपघातातून ठराव निघाला, त्यापासूनच पूर्ण संरक्षणाची हमी या खर्चातून मिळत नव्हती. समितीला हे ऐकणं जड गेलं, पण पुढच्या वेळी कुणाचा हात मोडला की ‘पैसे पाण्यात गेले’ हे ऐकावं लागू नये म्हणून ते इतिवृत्तात लिहून घेतलं.

मग टेप घेऊन मोजमाप झालं. घसरगुंडीच्या वरच्या फळीची उंची 1.2 मीटर. कमानीचा माथा 1.8 मीटर. झोपाळ्याचा आडवा पाइप 2.1 मीटर. त्यानंतर पत्र नव्याने लिहिलं. ते पुण्याच्या एका पुरवठादाराला गेलं, जो रबर, गवत आणि वाळू तिन्ही पुरवतो. पत्राचा मुख्य भाग असा :

‘महोदय,

आमच्या शाळेतील इयत्ता पहिली ते चौथीच्या मुलांच्या खेळाच्या जागेसाठी आघातशोषक पृष्ठभाग बसवावयाचा आहे. साहित्याच्या उंची सोबतच्या नकाशात दिल्या आहेत. घसरगुंडी 1.2 मी., चढण्याची कमान 1.8 मी., झोपाळ्याचा आडवा पाइप 2.1 मी. जमीन काळी असून तिच्यावर मुरूम आहे. पावसाळ्यात पाणी साचते. मुले बहुतेक वेळा अनवाणी खेळतात. एक विद्यार्थिनी व्हीलचेअर वापरते.

कृपया प्रत्येक साहित्याखाली आपण कोणता पृष्ठभाग व किती जाडीचा सुचविता ते कळवावे. त्याच जाडीच्या नमुन्याचा, पडण्याची उंची नमूद केलेला चाचणी अहवाल जोडावा. रबराचे दाणे नवे आहेत की जुन्या टायरपासून केलेले, हे थरनिहाय लिहावे व त्यांतील पीएएच घटकांचा प्रयोगशाळेचा अहवाल द्यावा. वाळूचा प्रकार, दाण्याचा आकार व मातीचे प्रमाण कळवून दोन किलो नमुना पाठवावा. कृत्रिम गवत सुचवीत असल्यास त्याखालील शॉक पॅडची जाडी व भरण कशाचे, हे लिहावे. एप्रिलमधील दुपारी पृष्ठभाग किती तापतो, याविषयी आपला अनुभव कळवावा.

दर वरील माहितीसह दिल्यासच विचारात घेतले जातील.’

शेवटच्या ओळीवर लिपिकाचा आक्षेप होता, ‘असं लिहिलं तर कोटेशनच येणार नाही.’ चार दिवसांत फोन आला. ‘मॅडम, आमचं मटेरियल फुल्ली सेफ आहे, पुण्यात कितीतरी शाळांना दिलंय.’ मॅडमनी विचारलं, ‘किती उंचीपर्यंत?’ पलीकडे जरा शांतता. ‘मेल करतो,’ म्हणाला.

मेलमध्ये तीन कागद होते : दरपत्रक, रंगीत माहितीपत्रक आणि चाचणी अहवाल. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात ‘3 मीटरपर्यंत सुरक्षित’ छापलेलं. अहवालात मर्यादा 1.9 मीटर होती, म्हणजे आमच्या कमानीला पुरेशी. समितीने इथेच सही केली असती. पण अहवालाच्या पहिल्या पानावर नमुन्याचं वर्णन असतं, आणि ते वाचलंच पाहिजे. चाचणीचा नमुना 75 मिलिमीटर जाडीचा होता. दरपत्रकात रबर होतं 40 मिलिमीटर. अहवाल खोटा नव्हता, दरही खोटा नव्हता, पण दोन्ही वेगवेगळ्या मालाचे होते. माझ्या पाहण्यातल्या अशा दरपत्रकांत ही तफावत वारंवार आढळते, कारण दर चौरस फुटावर मागितला की दर कमी करायला जाडी हीच एक जागा उरते.

दुसऱ्या पत्रात एवढंच विचारलं की आपण जी जाडी विकता तिचा अहवाल द्या. आठवड्याभरात आला : 50 मिलिमीटर, खाली 40 मिलिमीटर जुन्या टायरच्या काळ्या दाण्यांचा थर, वर 10 मिलिमीटर ईपीडीएम या कृत्रिम रबराचा रंगीत थर, मर्यादा 1.4 मीटर. घसरगुंडीला हे चालत होतं, कमानीला नाही. पुरवठादाराचं म्हणणं असं की थोडाच फरक आहे, चालून जाईल. पण मर्यादा ही सरासरी नसते, तिच्यापुढे आकडा झपाट्याने चढतो, कारण रबर पूर्ण दबलं की त्याखाली काँक्रीटच उरतं.

गवताचा प्रश्न सर्वांत लवकर मिटला, तेही समितीचा सर्वाधिक ओढा तिकडे असताना. पुरवठादाराने 40 मिलिमीटरचं गवत सुचवलं होतं, दाबलेल्या मुरमावर, ‘उंच आणि मऊ’. आदळण्याच्या क्षणी गवताची पाती आडवी होतात, त्यांच्याने काही थांबत नाही. गवताखाली फोमचा शॉक पॅड असेल तर चाचणीत उंची मिळते, पण ती पॅडची असते. पॅडशिवायच्या गवताचा अहवाल मागितला तेव्हा मोकळेपणाने उत्तर आलं की तसा नाही. पॅड घालून दर रबराच्या जवळ गेला. शिवाय उन्हाचा मुद्दा होता. कडक उन्हात कृत्रिम गवत 60 अंश सेल्सिअसच्या वर सहज जातं आणि आमची मुलं अनवाणी. पाणी मारून ते थोडा वेळ थंड होतं, पण सोलापुरात एप्रिलमध्ये मैदानावर मारायला पाणी आणायचं कुठून, हा प्रश्न बैठकीत एका आजोबांनी विचारला आणि तिथे चर्चा थांबली.

गवताच्या भरणाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पत्रातला पीएएचचा प्रश्न त्यातून आला. पात्यांच्या मुळाशी उभं राहण्यासाठी वाळू किंवा टायरचे बारीक दाणे ओततात. टायरमधल्या तेलांत आणि काजळीत पीएएच गटातली रसायनं असतात, त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. युरोपीय संघात ऑगस्ट 2022 पासून अशा भरणातल्या आठ पीएएचची बेरीज किलोला 20 मिलिग्रॅमच्या आत असावी लागते. हे दाणे बुटांत, नाल्यात, शेतात जातात म्हणून मैदानांसाठी त्यांची विक्रीच तिथे ऑक्टोबर 2031 पासून बंद होणार आहे. ओतून घट्ट केलेल्या रबराची गोष्ट थोडी वेगळी, दाणे चिकटलेले असतात आणि वर ईपीडीएमचा थर असतो. तरीही वरचा थर झिजला की मुलं काळ्या दाण्यांवर बसतात, म्हणून अहवाल मागायचाच. पुरवठादाराने दिलेल्या अहवालात आठांची बेरीज मर्यादेच्या आत होती, आणि तो एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा होता. मॅडमनी अहवालावरचा क्रमांक घेऊन प्रयोगशाळेला फोन केला आणि खात्री करून घेतली. असा फोन फार थोड्या शाळा करत असतील.

वाळूचा नमुना प्लास्टिकच्या पिशवीत आला. करड्या रंगाची, कोरडी, हाताला टोचणारी. ही क्रश सँड, दगडखाणीत बेसाल्ट फोडून केलेली. नदीच्या वाळूवर निर्बंध आल्यापासून बांधकामात हीच चालते, आणि काँक्रीटला ती चांगली असते. पडणाऱ्या मुलाला मात्र नेमकी उलटी वाळू लागते. काँक्रीटला दाणे एकमेकांत अडकायला हवेत, इथे ते एकमेकांवरून घसरायला हवेत. टोकदार दाणे आणि त्यांतली भुकटी एका पावसात बसतात, आणि वाळल्यावर कुदळीशिवाय निघत नाहीत.

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या उभ्या काचेच्या बरणीत ती निम्मी भरली, वर मिठाचं पाणी घातलं, खळखळून हलवलं आणि ठेवून दिलं. मीठ घातल्याने बारीक कण लवकर खाली बसतात. तीन तासांनी वाळूवर राखाडी लगद्याचा वेगळा थर दिसत होता, बोटभर जाड. बांधकामात या घरगुती चाचणीला साधारण 8 टक्क्यांची मर्यादा धरतात, आणि हा थर त्याच्या दुपटीहून जास्त होता. मग तोच नमुना एका परातीत ओला करून दाबला आणि दोन दिवस उन्हात ठेवला. मॅडमनी परात उलटी केली. वाळू वडीसारखी अखंड निघाली आणि फरशीवर आपटून दोन तुकडे झाले. त्या तुकड्यांचा फोटो तिसऱ्या पत्राला जोडला. पुढचा नमुना आला तो धुतलेल्या, चाळलेल्या नदीच्या वाळूचा, वाहतूक परवान्यासह : गोलसर दाणे, बरणीत नखाएवढाच थर, परातीतून उलटी केल्यावर ढीग होऊन सांडणारी.

वाळूच्या खोलीवर दोन मानकांचं एकमत नाही, आणि हे पुरवठादार स्वतःहून सांगत नाहीत. युरोपीय मानकाप्रमाणे योग्य वाळूचा 20 सेंटिमीटर थर 2 मीटर उंचीपर्यंत पुरतो, आणि उधळून जाते म्हणून त्यावर 10 सेंटिमीटर जास्तीची. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची पुस्तिका 9 इंच दबलेल्या वाळूला फक्त 4 फुटांपर्यंत, म्हणजे जेमतेम 1.2 मीटरपर्यंत भरवसा देते. एवढा फरक पडतो कारण वाळू एकच नसते. दाणा, ओल आणि दाब बदलला की तिचं वागणं बदलतं, आणि अमेरिकी आकडा जपून धरलेला आहे. आम्ही वाळू 40 सेंटिमीटर धरली आणि त्याचबरोबर उंची कमी करता येते का ते पाहिलं. आघातशोषक जमिनीवर खर्च करण्याआधी साहित्याची उंची कमी करणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, पण तो कुणी विकत नसल्यामुळे कोटेशनमध्ये येत नाही.

ती संधी खोदकामातून आली. कमानीचे पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांत होते आणि ठोकळ्यांचे माथे जमिनीच्या पातळीला. खड्डा 40 सेंटिमीटर खोदून वाळू भरली असती तर हे माथे वाळूच्या पृष्ठभागालाच राहिले असते. मूल वाळूत पडण्याऐवजी काँक्रीटच्या कडेवर पडलं असतं. फॅब्रिकेशनच्या मिस्त्रींनी ठोकळे फोडून कमान 40 सेंटिमीटर खाली बसवली, नवे माथे वाळूच्या तळाशी गेले आणि कमानीची उंची 1.8 वरून आपोआप 1.4 मीटर झाली. झोपाळ्याला हे चाललं नसतं, पाळणा जमिनीला लागला असता. त्याच्या पायांना तेवढ्याच लांबीचे पाइप जोडून तो मूळ उंचीवर ठेवला.

जागेचा हिशेबही मग स्पष्ट झाला. झोपाळ्यावरून मूल उडी मारतं ते पुढे किंवा मागे, म्हणून त्या दोन्ही दिशांना आडव्या पाइपच्या उंचीच्या दुप्पट मोकळी मऊ जागा लागते. 4.2 मीटर पुढे, 4.2 मागे. बाजूंना आणि कमानीभोवती 1.8 मीटर. दोन्ही मिळून सुमारे 82 चौरस मीटर, म्हणजे 33 घनमीटर, आपल्या भाषेत बारा ब्रासच्या आसपास वाळू. पुरवठादाराच्या पहिल्या आराखड्यात झोपाळ्याखाली पाच फुटी चौकोन होता, जिथे मूल सहसा पडतच नाही.

काळ्या जमिनीत खोदलेला खड्डा पावसाळ्यात हौद होतो. म्हणून तळाला 10 सेंटिमीटर खडी, त्यात उताराने गेलेला छिद्रांचा पाइप, वर जिओटेक्स्टाइल कापड आणि मग वाळू. कापड नसेल तर दोन पावसाळ्यांत वाळू खडीत उतरते आणि काळी माती वर येते.

अंतिम मांडणी अशी ठरली. झोपाळा आणि कमान वाळूत. घसरगुंडीखाली 50 मिलिमीटर ओतलेलं रबर, 1.2 मीटर उंचीला 1.4 ची मर्यादा. फाटकापासून घसरगुंडीपर्यंत रबराचीच वाट, कारण वाळूत व्हीलचेअर जात नाही. ती मुलगी खेळाजवळ पोहोचावी ही मॅडमची अट सुरुवातीपासून होती आणि तिच्यावर कुणी वाद घातला नाही. गवत कुठेच नाही. समितीचे अध्यक्ष अजूनही थोडे नाराज आहेत.

कार्यादेशात काही गोष्टी पत्राइतक्याच काटेकोर लिहिल्या. रबराचं काम मार्चअखेर संपवायचं, कारण दाणे जोडणारा पॉलियुरेथेन बाइंडर हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो आणि ओला असताना त्यावर पाऊस आला तर फेस येऊन थर भुसभुशीत होतो. जाडी नऊ ठिकाणी, ओतकाम चालू असताना, खूण केलेल्या जाड सुईने मोजायची, कारण नंतर वरून सारखंच दिसतं. वरच्या थरात बाइंडर वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका. तो कमी घातला की काही महिन्यांत बुटाने घासल्यावर रंगीत दाणे सुटू लागतात, म्हणून दहा टक्के रक्कम एक पावसाळा होईपर्यंत राखून ठेवली. वाळूच्या बाजूच्या खांबांवर मूळ पातळीची लाल रेघ मारली. झोपाळ्याखालची वाळू पायांनी उधळून रेघेखाली जाते, ती शिपाईमामा रोज फावड्याने ओढून घेतात. संध्याकाळी नायलॉनची जाळी पसरतात, नाहीतर गावातली कुत्री-मांजरं तिथेच येतात.

एका कलमावर मात्र जमलं नाही. ओतलेलं रबर उन्हाने वर्षागणिक कडक होतं आणि पहिल्या दिवसाचा 1.4 मीटर पाचव्या वर्षी राहीलच असं नाही. मॅडमनी तीन वर्षांनी जागेवर फेरचाचणी करून देण्याची अट घातली होती. पुरवठादाराने तेवढी ओळ खोडून, शेजारी सही करून कागद परत पाठवला. वाटाघाटीत ‘चाचणी शाळेने करावी, नापास झाल्यास वरचा थर निम्म्या खर्चात’ इथवर तो आला. मॅडमनी ते मान्य केलं आणि चाचणीच्या खर्चासाठी वार्षिक अंदाजपत्रकात वेगळी ओळ घातली. समितीत त्या ओळीवर अजून चर्चा चालू आहे.